आबांचा आठवडा : कधीच व्यायाम न केलेल्या वडिलांसाठी लेकीने केलेली आखणी

आपलं कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ पासून कुस्त्या बघतंय. त्यामुळे आपल्याकडे व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर येतात लाल माती, जोर, बैठका आणि लंगोट लावलेला पैलवान. याचा एक तोटा असा झाला की ज्या माणसानं तरुणपणी तालमीचा उंबरा ओलांडला नाही, त्याला वाटतं, व्यायाम आपला नव्हेच. साठी आली, साखर वाढली, डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा," तरी ते घरी येऊन लेकीला म्हणतात, "आता या वयात काय बैठका मारू व्हय?"

म्हणून आज आम्ही एक घर डोळ्यांसमोर धरून बोलणार आहोत. करवीर तालुक्यातलं एखादं गाव समजा. आबांचं वय साठ. किराणा दुकान आहे, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसून. साखरेची एक गोळी चालू आहे, रक्तदाब थोडा वर असतो. शेत वाट्यानं दिलेलं, त्यामुळे अंगमेहनत नाही. लेक कोल्हापुरात नांदते आणि महिन्यातून एकदा माहेरी येते. तिनं आबांसाठी आठवड्याची आखणी करायची आहे, आणि ती आबांना समजेल अशा बोलीत. ती कशी करायची ते एकेक करून बघू.

पहिलं काम व्यायामाचं नाहीच, विचारपूस करायचं आहे. लेकीनं आबांना शांतपणे विचारायचं : चढ चढताना छातीत कधी दाबल्यासारखं होतं का? थोड्या चालण्यानं धाप लागते का? चक्कर येऊन पडलाय का? हृदयाचं काही दुखणं पूर्वी झालंय का? यातल्या एकालाही "हो" आलं, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग आखणी. "नाही" आलं, तरी रक्तदाब आणि साखर मोजून घ्यायची. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची ही तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आपल्या आशाताईंना विचारलं की त्या वार सांगतात. आबांची साखरेची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना आणखी एक विचारून ठेवायचं : ही गोळी घेऊन चाललो तर साखर एकदम खाली जाईल का? काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं तसं होतं, काहींनी सहसा होत नाही.

दुसरं काम मोजायचं. आखणी कुठून सुरू करायची हे पुस्तकात नसतं, आबांच्या अंगात असतं. लेकीनं आबांना नेहमीच्या चालीनं रस्त्यावर न्यायचं आणि घड्याळ बघायचं. "आता बसावंसं वाटतंय" असं ते किती मिनिटांनी म्हणतात? समजा बारा मिनिटांनी म्हणाले. तर सुरुवात बाराची नाही, दहाची. पहिल्या दिवशी जे सहज जमतं त्याच्या थोडं आतच राहायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी चपला घालायला माणूस कुरकुरत नाही. मग घरात एक दणकट लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीशी धरून अर्ध्या मिनिटात आबा किती वेळा पूर्ण उभे राहतात आणि बसतात ते मोजायचं. समजा आठ वेळा. हा आकडा कुणाशी ताडायचा नाही. तीन महिन्यांनी तो आबांशीच ताडायचा आहे. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर तेही तसंच लिहून ठेवायचं.

आता आठवडा. लेकीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरच लिहायचं, वेगळा कागद हरवतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार : चालणं, दहा मिनिटं. मंगळवार आणि शनिवार : ताकदीचा व्यायाम, पंधरा मिनिटं. गुरुवार : सुट्टी. एवढंच. ज्या दिवशी झालं त्या चौकोनात आबांनी स्वतः खूण करायची. दुकानदार माणूस आहे, हिशोब लिहायची सवय आहेच.

चालणं किती जोरात, हा प्रश्न सगळे विचारतात. यंत्र नको, तोंडच सांगतं. चालताना आबांना शेजाऱ्याशी सलग बोलता आलं पाहिजे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन आरामात म्हणता येत असेल, तर चाल मंद आहे, पाय उचलायचे. दोन शब्द बोलताना दम तुटत असेल, तर जास्त झालं, हळू व्हायचं. दहा मिनिटांतली पहिली दोन आणि शेवटची दोन मिनिटं सावकाश, मधली सहा या चालीनं.

पायात काय घालायचं हेही लिहून द्यायचं. आपली कोल्हापुरी चप्पल लग्नाला, यात्रेला शोभते. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाच मोकळी राहते. जोरात चालायला मऊ तळाचे, टाच धरणारे बूट आणि सुती मोजे हवेत. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, बूट चावला तरी कळत नाही. म्हणून चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज बघायच्या. फोड किंवा जखम दिसली की ती बरी होईपर्यंत चालणं बंद आणि दवाखाना.

ताकदीच्या दिवशी तीनच प्रकार आहेत. पहिला, खुर्चीची बैठक. भिंतीला टेकलेल्या त्याच खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच वेळा. धपकन बसलं तर बराच फायदा गेला, कारण सावकाश बसतानाही मांडीला काम पडतं. दुसरा, भिंतीचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळहात भिंतीवर ठेवायचे, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायची, आठ वेळा. तिसरा, ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि हळू टेकवायच्या, दहा वेळा. तिन्ही झाले की दोन मिनिटं बसायचं आणि हाच फेरा पुन्हा एकदा. शेवटी ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या पायावर. हे तोल सांभाळायला.

इथं एक सूचना ठळक लिहायची : श्वास रोखायचा नाही. जोर लावताना माणूस नकळत दम कोंडतो आणि त्या क्षणी रक्तदाब चढतो. उठताना, ढकलताना श्वास सोडायचा. आबा आकडे मोठ्यानं मोजत राहिले की दम आपोआप कोंडत नाही.

आबा म्हणतील, "चालतोय की, मग हे कशाला?" त्यांना सांगायचं : रक्तातली साखर वापरणारं मोठं ठिकाण म्हणजे स्नायू, आणि मांड्यांचे स्नायू अंगातल्या मोठ्या स्नायूंपैकी. वय वाढलं की ते झिजतात आणि नुसत्या चालण्यानं पुरते भरून येत नाहीत. एसटीची पायरी चढणं, पंगतीतून उठणं, गुडघ्याला आधार, हे सगळं त्याच मांड्यांवर आहे.

आता वाढवायचं कसं? दर दोन आठवड्यांनी प्रत्येक चालण्यात पाच मिनिटं. म्हणजे पहिले दोन आठवडे दहा, मग पंधरा, मग वीस, पंचवीस आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात तीस मिनिटं. अकराव्या आठवड्यापासून गुरुवारऐवजी फक्त शनिवारच सुट्टीसारखा हलका ठेवायचा : त्या दिवशी ताकदीचा व्यायाम तेवढा, आणि गुरुवारी चालणं. असे पाच दिवस तीस मिनिटं झाली की दीडशे मिनिटं भरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान एवढंच चालणं किंवा तेवढ्या मेहनतीचं काम सांगितलंय, आणि सोबत दोन दिवस ताकदीचा व्यायाम. बैठकांमध्येही दोन आठवड्यांनी एक-दोन वाढवायच्या. घाई करून पहिल्याच आठवड्यात तासभर चालणं किंवा सूर्यनमस्कारांचा सपाटा नको. सवय नसलेल्या अंगावर एकदम पडलेला ताण हृदयाला आणि गुडघ्यांना झेपत नाही.

वाढवायचं की थांबायचं, हे दुखणं सांगतं. दोन्ही मांड्या सारख्याच आणि दुसऱ्या दिवशी जड वाटल्या, तर ती नवी मेहनत आहे. दोन-तीन दिवसांत उतरते. पण एकाच गुडघ्यात टोचलं, सूज आली, किंवा सकाळी उठल्यावर गुडघा कालच्यापेक्षा जास्त धरलेला असला, तर मागच्या पायरीवर यायचं. तरी आठवड्यात उतरलं नाही तर दाखवायचं. चालताना घाम फुटून हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरली असेल. बसायचं आणि खिशातली साखर लगेच खायची, म्हणून चिमटीभर नव्हे, तीन-चार चमचे साखरेची पुडी रोज बरोबर हवी. उपाशीपोटी निघायचं नाही. आणि छातीत दाब, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, गार घाम, यांपैकी काही झालं तर "पित्त असंल" म्हणत घरी चालत यायचं नाही. जागेवर बसायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आपल्याकडचा पावसाळा मोठा. झड लागली की रस्त्यावर चिखल, आणि आबांना सबब. त्या दिवशी घरातल्या सोप्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, किंवा देवळाच्या मंडपात तेवढीच मिनिटं चालायचं. पाहुणे आले, ताप आला, आठवडा बुडाला, तर बुडालेलं भरून काढायचं नाही. एक पायरी मागे येऊन तिथून पुन्हा सुरू करायचं.

लेक लांब असेल तर तिनं रविवारी फोन करून एवढंच विचारावं : "आबा, किती खुणा झाल्या? गुडघा सकाळी कसा होता?" सहापैकी चार खुणा असल्या तर पुढं जायचं. तीन किंवा कमी असल्या तर तोच आठवडा पुन्हा, आणि न जमण्याचं कारण शोधायचं. बहुतेक वेळा ते वेळेचं असतं. सकाळी दुकान उघडण्याची गडबड असेल, तर दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हाच्या ताकदीच्या व्यायामाला खुर्ची दुकानातही चालते. चालणं ऊन उतरल्यावर.

बारा आठवड्यांनी पुन्हा तीच खुर्ची, तेच अर्धं मिनिट. आठाचे अकरा झाले तर मांडीत ताकद आली हे आबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. साखर आणि रक्तदाबही त्याच सुमारास पुन्हा मोजून घ्यायचा. आकडे चांगले आले, तरी गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. वजन कदाचित फारसं उतरलेलं नसेल. त्यावरून व्यायाम वाया गेला असं धरू नका, कारण वजन मुख्यतः ताटावर ठरतं. आणि दिनदर्शिकेचं नवीन पान लागलं, की पुढच्या महिन्याचे वार आबांनी स्वतःच्या हातानं लिहायचे.