वरच्या इंजिनाचं नॉझल एवढं मोठं का?

फाल्कन ९ रॉकेटच्या दोन्ही टप्प्यांत मर्लिन जातीचीच इंजिनं असतात, पण नॉझल वेगळं. नॉझलच्या तोंडाचं क्षेत्रफळ गळ्याच्या तुलनेत खालच्या इंजिनात सुमारे १६ पट, तर वरच्यात १६५ पट असतं. नॉझल रुंदावतं तसा तप्त वायू पसरतो, त्याचा दाब उतरतो आणि वेग वाढतो; रेटाही वाढतो.

मग खालीही मोठं नॉझल का नको? कारण जमिनीवर बाहेरून हवा दाबत असते. तोंडाजवळच्या वायूचा दाब तिच्या निम्म्याहूनही बराच खाली गेला, की झोत भिंतीपासून सुटतो, तोही एका बाजूला जास्त. नॉझल हादरतं, फाटूही शकतं. निर्वातात ही भीती नाही. तिथे आडवी येते ती वजनाची आणि दोन टप्प्यांमधल्या जागेची मर्यादा.