झुंबराचा भार हुकावर, तारेवर नव्हे

वीस किलोचं झुंबर दिवाणखान्यात लावायचं, तर त्याचं वजन थेट काँक्रीटच्या स्लॅबवर गेलं पाहिजे. फॉल्स सीलिंगचं पीओपी किंवा प्लास्टिकची गट्टी हे वजन पेलत नाही.

स्लॅब ओतताना पंख्यासाठी सळईला बांधलेला हुक असेल आणि तो गंजलेला नसेल, तर तोच वापरावा. नसेल तर हुक असलेला लोखंडी अँकर फास्टनर घ्यावा. भोक पाकिटावर दिलेल्या मापाचंच हवं. छताच्या गिलाव्याची जाडी त्या खोलीत धरू नये. पकड काँक्रीटमध्येच बसते. ड्रिल सळईला अडलं तर जागा थोडी सरकवावी, सळई कापू नये. भोकातली धूळ नीट काढा, कारण तिच्यामुळे अँकर घसरू शकतो. नट आवळताना अँकर नुसता फिरत राहिला किंवा बाहेर सरकू लागला, तर पकड बसलेली नाही. ते भोक सोडून द्यावं.

जंक्शन बॉक्स वेगळ्या स्क्रूंनी स्लॅबलाच घट्ट बसवावा. त्यात फक्त वायरचे जोड आणि अर्थिंग असावं. वायर साखळीपेक्षा थोडी सैल ठेवावी, म्हणजे ताण साखळीच घेते. हे काम एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

झुंबर चढवण्याआधी हुकाला चौपट वजनाची, म्हणजे ऐंशी किलो वाळूची पोती तासभर टांगा. खाली कुणालाही उभं राहू देऊ नका. हुक जरासुद्धा खाली आला किंवा भोवती तडा गेला, तर तिथे झुंबर लावू नका.