‘करण्यात यावे’, पण कोणी?

कार्यालयीन मराठीत एक क्रियापद फार लाडके आहे: ‘करण्यात यावे’. पाण्याची सोय करण्यात यावी, प्रशिक्षण देण्यात यावे, आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी. कोणी करायची, कधीपर्यंत करायची, हे या क्रियापदाला सांगावे लागत नाही. मराठी कचेऱ्यांतून ते वर्षानुवर्षे सुखाने नांदते आहे. तीच सवय घेऊन माणूस इंग्रजी परीक्षेतला अहवाल लिहायला बसतो, तेव्हा मात्र त्याच्या शिफारशी व्याकरणाने बिनचूक आणि अर्थाने पोकळ होतात.

परीक्षा म्हणजे केंब्रिजची ‘बिझनेस हायर’. नोकरीच्या ठिकाणी लागणारे इंग्रजी तपासणाऱ्या या परीक्षामालेची सुरुवात १९९३ मध्ये चीनमध्ये झाली आणि नंतर ती इतर देशांत पसरली. हायर ही तिची सर्वांत वरची पायरी, युरोपीय मोजपट्टीवर सी-वन. लेखनाला सत्तर मिनिटे आणि प्रश्न दोन. पहिल्यात आलेख पाहून १२० ते १४० शब्दांचे छोटे टिपण लिहायचे. दुसऱ्यात अहवाल, प्रस्ताव आणि पत्र यांपैकी एक निवडून २०० ते २५० शब्दांत लिहायचे. कशाबद्दल लिहायचे त्याचे चार मुद्दे प्रश्नातच दिलेले असतात.

या दोन प्रश्नांत एक गंमत दडलेली आहे. पहिल्यात आकडे समोर असतात, म्हणून आपल्या मनाचे काही घालायचे नसते. विक्री मार्चमध्ये घसरली एवढे सांगायचे, ‘बहुधा मंदीमुळे’ असे जोडायचे नाही. दुसऱ्यात कंपनी, अडचण, सर्वेक्षण, आकडे सगळे उमेदवाराने रचायचे. एरवी प्रामाणिक असलेली माणसे इथे अडखळतात आणि ‘अनेक कर्मचारी नाराज आहेत’ असे मोघम लिहून मोकळी होतात. खरे-खोटे कोणी तपासणार नसते. तपासले जाते ते हे, की वाचणाऱ्या साहेबाला त्यावरून निर्णय घेता येईल का.

समजा प्रश्न असा आहे: कंपनीतल्या अंतर्गत प्रशिक्षणाची उपस्थिती घटली आहे. माहिती कशी गोळा केली, उपस्थिती घटण्याची कारणे कोणती, त्याचा कामावर काय परिणाम झाला आणि पुढे काय करावे, याचा अहवाल मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना द्या.

पहिल्या मसुद्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते: आजच्या स्पर्धेच्या युगात प्रशिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. शाळेतल्या निबंधाने लावलेली ही खोड. पुढे ‘फाइंडिंग्ज’ या शीर्षकाखाली लिहिले जाते की सत्रांची वेळ गैरसोयीची आहे, म्हणून ती बदलायला हवी. मग ‘रेकमेंडेशन्स’खाली येते: वेळ बदलण्यात यावी, चहा-नाश्ता देण्यात यावा, ऑनलाइन प्रशिक्षण सुरू करण्यात यावे.

बिघाड इथेच झाला. वेळेची शिफारस निष्कर्षांतच उरकून टाकली, त्यामुळे शेवटी ती शिळी वाटते. चहा-नाश्ता आणि ऑनलाइन प्रशिक्षण मात्र आभाळातून पडले. उपाशीपोटी बसावे लागते म्हणून लोक येत नाहीत, असे आधी कुठे म्हटले होते? आपला मसुदा तपासायची साधी युक्ती आहे. निष्कर्षांचा भाग हाताने झाकावा, एकेक शिफारस वाचून ‘का?’ विचारावे आणि हात काढून उत्तर शोधावे. उत्तर सापडले नाही तर एक तर ती शिफारस जाते, नाही तर निष्कर्षांत एक वाक्य वाढते. निष्कर्ष लिहिताना ‘म्हणून’ हा शब्द आला की थांबावे, कारण त्याच्या मागोमाग शिफारस आत शिरत असते.

आता दुसरा मसुदा. प्रस्तावना दोन वाक्यांची: हा अहवाल उपस्थिती का घटली हे पाहतो, त्यासाठी चाळीस कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली. मग ‘सत्रांची वेळ’ असे उपशीर्षक: चाळिसांपैकी सव्वीस जणांनी सांगितले की शुक्रवारी संध्याकाळी पाचला माल रवाना करण्याची घाई असते. पुढचे उपशीर्षक ‘विभागांचे सहकार्य’: अठरा जणांना विभागप्रमुखांनी सोडले नाही. सव्वीस आणि अठरा मिळून चव्वेचाळीस होतात, आणि विचारले तर चाळिसांनाच. काहींनी दोन्ही कारणे दिली, एवढे लिहिले की वाचणारा अडत नाही. तिसरे उपशीर्षक ‘कामावरील परिणाम’: बिलांच्या नव्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण बारापैकी तिघांनीच घेतले आणि चुकीच्या बिलांच्या तक्रारी वाढल्या.

शीर्षकांबद्दल एक बारकावा. शीर्षक हे वाक्याचा भाग नसते. ‘सत्रांची वेळ’ लिहून खाली ‘ही गैरसोयीची आहे’ अशी सुरुवात केली, तर ‘ही’ लोंबकळत राहते. शीर्षक पुसले तरी परिच्छेद आपल्या पायांवर उभा राहायला हवा.

शिफारशींत आणखी एक पेच आहे. मराठीतले ‘पाहिजे’ एकटेच दोन कामे करते. ‘तुम्ही सही केली पाहिजे’ हा हुकूमही असतो आणि सल्लाही. फरक आवाजात असतो. इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ आणि ‘शुड’ वेगळे आहेत. साहेबाला ‘यू मस्ट चेंज द टायमिंग’ लिहिणे म्हणजे खालच्याने वरच्याला फर्मान काढणे. परीक्षक आशय, संवादाची परिणामकारकता, मांडणी आणि भाषा अशा चार अंगांना प्रत्येकी पाचपैकी गुण देतात. या एका ‘मस्ट’ने व्याकरण बिघडत नाही, पण दुसऱ्या अंगाला धक्का बसतो.

मग शिफारस कशी असावी? प्रशिक्षण विभागाने पुढच्या तिमाहीपासून सत्रे मंगळवारी सकाळी दहाला ठेवावीत. त्याच विभागाने महिन्याचे वेळापत्रक दोन आठवडे आधी द्यावे, म्हणजे विभागप्रमुखांना बदली माणूस नेमता येईल. इंग्रजीत कर्मणी रचना चालते, अहवालाला ती शोभतेही. फक्त ‘बाय द ट्रेनिंग डिपार्टमेंट’ ही शेपटी गाळायची नाही.

हाच विषय प्रस्ताव म्हणून आला, तर तोंड भविष्याकडे वळते. अडचण दोन-तीन वाक्यांत सांगून योजना, तिचा खर्च आणि फायदा यांना जागा द्यावी लागते. शिवाय क्रियापद बदलते. मंजुरी अजून मिळालेली नाही, म्हणून ‘विल’ऐवजी ‘वुड’. हे घडेल असे नाही, मान्य केलेत तर घडेल असे.

राहता राहिला शब्दांचा हिशेब. अडीचशे शब्दांत प्रस्तावनेला पस्तीसेक, निष्कर्षांना सव्वाशे आणि शिफारशींना सत्तर दिले, तर मधल्या एका निर्णायक वाक्यापुरते वीस उरतात. ‘कोणी’ आणि ‘कधीपासून’ यांना जागा नाही अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांच्या मसुद्यातले स्पर्धेच्या युगाबद्दलचे पहिले वाक्य मोजावे. ते इंग्रजीत पंधरा-वीस शब्दांचे भरते, आणि ‘बाय द ट्रेनिंग डिपार्टमेंट फ्रॉम द नेक्स्ट क्वार्टर’ला लागतात आठ.