थोडक्यात हुकलं, असं वाटवणारं यंत्र

गोव्यात पंचतारांकित हॉटेलांमध्ये स्लॉट मशीन ठेवायला 1992 साली कायद्यात दुरुस्ती करून परवानगी मिळाली. मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो त्यानंतरचे. तेव्हापासून पुण्या-मुंबईहून, बेळगाव-कोल्हापूरहून तिकडे जाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्या मशीनचं बटण एकदा तरी दाबून पाहिलं असेल. हरून परत येणारा बहुतेक एकच वाक्य बोलतो: ‘मशीन सेट केलेलं असतं.’ हा संशय अगदीच खोटा नाही, पण चुकीच्या जागी घेतलेला आहे. परवानाधारक मशीन आकडा काढताना सहसा लबाडी करत नाही, तशी गरजही नसते. खरी कारागिरी आहे ती आकडा निघाल्यानंतर तुम्हाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं, त्यात.

मशीनच्या आत एक इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिला रँडम नंबर जनरेटर म्हणतात. कोणी खेळत असो वा नसो, ती सतत आकडे काढत राहते. तुम्ही बटण दाबलं की त्या क्षणीचा आकडा घेतला जातो आणि निकाल तिथेच लागतो. पुढचे चार-पाच सेकंद रिळं फिरतात ती फक्त तुम्हाला दाखवण्यासाठी. आधीच्या फिरकीत काय झालं याची त्या चिपला आठवण नसते. म्हणून ‘दुपारपासून या मशीनने काही दिलेलं नाही, आता देणारच’ या म्हणण्याला काही आधार नाही. तुम्ही उठलात आणि तुमच्या जागी बसलेल्याला लगेच जॅकपॉट लागला, तर तो ‘तुमचा’ही नव्हता. तुम्ही बसून राहिला असतात तरी नेमक्या त्याच क्षणी बटण दाबलं असतंत, याची शक्यता जवळपास शून्य.

या समजुतीला मानसशास्त्रात जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. आपल्याकडे मटक्याच्या आकड्यांचे जुने चार्ट घेऊन पेन्सिलने खुणा करत बसणारे हेच करत असत: सत्ता बरेच दिवस आलेला नाही, म्हणजे आता त्याचीच पाळी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या लॉटरीचा अभ्यास झाला, त्यात याचीच उलटी बाजू दिसली. एखादा तीन अंकी आकडा लागला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर लावले जाणारे पैसे झटकन घटत, आणि पूर्वपदावर यायला काही महिने लागत. आकड्याला मात्र आपण नुकतेच लागलो होतो हे ठाऊक नसतं.

स्लॉट मशीनला हा भ्रम निर्माण करावा लागत नाही, तो आपण घरूनच घेऊन येतो. मशीनने फक्त त्याला खतपाणी घालायचं असतं, आणि त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने बनवलेलं ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र तीन रिळांचं होतं. एका रिळावर दहा चिन्हं धरली, तर तिन्हींचे मिळून हजार मेळ होतात. म्हणजे फार मोठं बक्षीस ठेवता येत नाही, कारण ते हजारात एकदा द्यावंच लागणार. रीळ मोठं करून चिन्हं वाढवावीत, तर गिऱ्हाईकाला ते यंत्र कंजूष दिसतं. हा पेच इंगे टेलनेस या संशोधकाने सोडवला. 1984 साली त्याला अमेरिकेत जे पेटंट मिळालं, त्याचा सारांश असा: डोळ्यांना दिसणारं रीळ निकाल ठरवत नाही. निकाल ठरतो कॉम्प्युटरच्या स्मृतीतल्या, न दिसणाऱ्या, कितीतरी लांब रिळावर.

एक उदाहरण मांडून बघू. दिसणाऱ्या रिळावर 22 थांबे आहेत, त्यांतले 11 चिन्हांचे आणि मधले 11 कोरे. जॅकपॉटचं चिन्ह प्रत्येक रिळावर एकच. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, तर तीन रिळांवर तिन्ही चिन्हं मधल्या ओळीत येण्याची शक्यता 22 गुणिले 22 गुणिले 22, म्हणजे 10,648 मध्ये एक. आता कॉम्प्युटरमधल्या रिळाला 64 आकडे देऊ. त्यांतला फक्त एक आकडा जॅकपॉटच्या चिन्हाकडे जातो. चिन्हाच्या लगेच वरच्या कोऱ्या थांब्याकडे सहा आकडे वळवले, खालच्या कोऱ्या थांब्याकडे आणखी सहा. उरलेले 51 बाकीच्या थांब्यांत वाटून टाकले. जॅकपॉटची खरी शक्यता आता 2,62,144 मध्ये एक झाली. रीळ मात्र पूर्वीसारखंच 22 थांब्यांचं दिसतं.

त्या बारा आकड्यांनी काय साधलं ते पाहा. मशीनच्या काचेत तीन ओळी दिसतात, पैसे मिळतात मधल्या ओळीवर. कोरा थांबा मधल्या ओळीत आला की त्याच्या शेजारचं जॅकपॉटचं चिन्ह बरोबर वरच्या किंवा खालच्या ओळीत येऊन थांबतं. मधल्या ओळीत ते 64 मध्ये एकदा येतं, तर काचेत कुठे ना कुठे 64 मध्ये 13 वेळा. तिन्ही चिन्हं एकाच वेळी काचेत दिसण्याचं प्रमाण काढलं, तर साधारण 119 फिरक्यांत एकदा. तासाला 600 फिरक्या होत असतील, तर खेळणाऱ्याला तिन्ही जॅकपॉट तासाभरात पाच वेळा समोर दिसणार, एखादं एक घर वर, एखादं एक घर खाली. रीळ प्रामाणिक असतं तर अशा 27 दर्शनांपैकी एक खरा जॅकपॉट निघाला असता. इथे 2,197 पैकी एक निघतो.

कॅरममध्ये सोंगटी भोकाच्या काठाला लागून परत आली, तर त्यातून शिकायला मिळतं. नेम जवळपास बरोबर होता, पुढच्या वेळी जरा डावीकडे मारायचं. कौशल्याच्या खेळात थोडक्यात हुकणं ही प्रगतीची खूण असते आणि आपला मेंदू तीच खूण ओळखायला शिकलेला आहे. स्लॉट मशीनमध्ये एक घर वर थांबलेलं चिन्ह आणि दहा घरं लांब थांबलेलं चिन्ह यांत काडीचाही फरक नाही. पण केंब्रिजच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी अशा हुकण्याला साध्या हरण्यापेक्षाही त्रासदायक ठरवलं, आणि चिन्ह त्यांनी स्वतः निवडलेलं असेल तेव्हा ‘अजून खेळावंसं वाटतं’ असंही जास्त जोराने सांगितलं. मेंदूच्या चित्रांत जिंकण्याच्या वेळी जागे होणारे काही भाग तेव्हाही जागे झालेले दिसले. त्यामुळे माणूस प्रत्यक्षात किती जास्त वेळ खेळतो, यावर मात्र सगळे प्रयोग एकमुखाने बोलत नाहीत. काहींत असा परिणाम आढळलाच नाही.

याला कायद्याची हरकत नाही का? नेवाडा राज्यात 1980च्या दशकाच्या अखेरीस युनिव्हर्सल या कंपनीच्या मशीनवरून हाच प्रश्न उभा राहिला. त्यात आधी ‘हरला’ असा निकाल ठरे, आणि मग दुसरा प्रोग्रॅम त्या हरण्याला ‘थोडक्यात हुकलं’ असं रूप देई. नियामकांनी ते बेकायदा ठरवलं. मात्र टेलनेसच्या पद्धतीने आकड्यांची वाटणी आधीच करून ठेवली, तर ते चालतं. हा फरक वकिलाला पटेल. काचेसमोर बसलेल्या माणसाला दोन्हीकडे दिसतं तेच.

आजच्या व्हिडिओ स्लॉटमध्ये खरी रिळंच नसतात आणि ओळीही एक नसते, वीस-पंचवीस असतात. प्रत्येक ओळीवर एक रुपया असे वीस ओळींवर तुम्ही वीस रुपये लावले. एका ओळीवर मेळ जमला आणि आठ रुपये मिळाले. मशीन दिवे लावतं, सूर वाजवतं, मेळ जमलेली ओळ लखलखते, आकडा टिकटिक करत आठपर्यंत चढतो. तुमचे बारा रुपये गेलेले असतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मधल्या निबंधात याला जिंकण्याचा वेश घेतलेलं हरणं म्हटलं. त्यांनी नवख्या खेळाडूंच्या बोटांवरचा घाम मोजला. अशा हरण्याला शरीर साध्या हरण्यासारखं नव्हे, तर जिंकल्यासारखं प्रतिसाद देत होतं.

दहा फिरक्यांचा हिशोब मांडू. पाचांत काहीच नाही. चारांत अनुक्रमे 5, 8, 12 आणि 15 रुपये. एकात 140. लावले 200, आले 180. मशीन पाच वेळा वाजलं, खरं जिंकणं एकच. बाहेर आलेला माणूस शपथेवर सांगतो की निम्म्या वेळा लागलं. पुढे त्याच गटाने असा एक प्रयोग केला की अशा फिरकीला आनंदाच्या सुराऐवजी हरल्याचा आवाज जोडला. तेव्हा खेळाडू तिला बरोबर हरणं म्हणून ओळखू लागले. हिशोब समजायला गणित कमी पडत नव्हतं, आवाज आड येत होता.

ऑस्ट्रेलियात हे दोन्ही मुद्दे कोर्टात गेले. ‘डॉल्फिन ट्रेझर’ या मशीनची पहिली चार रिळं 30 चिन्हांची आणि पाचवं 44 चिन्हांचं. काचेत प्रत्येक रिळाची तीनच चिन्हं दिसत असल्याने हे खेळताना कळणं अशक्य. मेलबर्नचा क्राउन कॅसिनो आणि मशीन बनवणारी अ‍ॅरिस्टोक्रॅट कंपनी ग्राहकांची दिशाभूल करतात, असा दावा एका माजी खेळाडू महिलेने लावला होता. तो 2018 मध्ये फेटाळला गेला. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे ऑनलाइन स्लॉटसाठी 31 ऑक्टोबर 2021 पासून नियम आहे, की लावलेल्या रकमेइतकी किंवा तिच्यापेक्षा कमी रक्कम परत आली, तर सूर आणि रोषणाई करायची नाही. आपल्याकडे 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, त्यामुळे असा बारीक नियम करण्याची वेळ आली नाही.

वेश ओळखायची खूण मशीनवरच असते: कोपऱ्यातला शिल्लक रकमेचा आकडा. बटण दाबण्यापूर्वी तो वाचायचा आणि गाणं संपल्यावर पुन्हा वाचायचा. तो मशीनने लपवलेला नसतो, पण लखलखाट सहसा दुसऱ्या ठिकाणी चालू असतो. ‘हे मशीन 90 टक्के परत देतं’ या वाक्याचा अर्थही त्याच आकड्यावर कळतो. ते 90 टक्के खिशातल्या पैशांचे नसतात, प्रत्येक फिरकीचे असतात, आणि परत आलेले पैसे पुन्हा लावले जातात. वीस रुपयांच्या 600 फिरक्या म्हणजे तासाला 12,000 रुपये लावले आणि सरासरी 1,200 गेले, मग तुम्ही बसताना खिशात दोन हजारच आणलेले असोत. ब्रिटनने त्याच नियमांत दोन फिरक्यांमध्ये किमान अडीच सेकंद हवेत असंही ठरवलं. त्या वेगाने न थांबता खेळलं, तर तासाला 1,440 फिरक्या होतात आणि सरासरी 2,880 रुपये जातात.