पिशवी काढली, चक्र मात्र चालू

आपल्याकडे बायका ‘पिशवी काढली’ एवढंच म्हणतात. त्या दोन शब्दांत दोन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात. एकीत गर्भाशय तेवढं काढतात, दुसरीत त्याच्यासोबत दोन्ही अंडाशयंही जातात. बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, पाळी बंद. शरीराच्या आत मात्र फार मोठा फरक पडतो.

माझ्या मावसबहिणीचं ऑपरेशन ३९व्या वर्षी झालं. फायब्रॉइडच्या गाठी होत्या, रक्तस्राव इतका की हिमोग्लोबिन ७वर आलेलं. अंडाशयं चांगली होती म्हणून ठेवली. महिना-दीड महिन्यात ताई चालू-फिरू लागली. पुढे एके दिवशी फोनवर हळूच म्हणाली, ‘‘अगं, छाती दुखतेय, पोट फुगलंय, कारण नसताना पोरांवर ओरडतेय. पाळीच्या आधी व्हायचं ना, अगदी तसं. आता पाळीच नाही, मग हे कशाचं?’’ आणि खरी भीती तिनं शेवटी सांगितली, ‘‘ते रक्त आत साठत नसेल ना?’’

नाही साठत. पाळीचं रक्त अंडाशयातून येत नाही, ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं असतं. अस्तरच उरलं नाही, तर साठायला काही उरत नाही. (गर्भाशयाचं मुख ठेवलं असेल, तर काहींना दर महिन्याला थोडा डाग दिसतो, कारण अस्तराचा छोटा भाग तिथं शिल्लक असतो. ज्यांचं मुखही काढलंय त्यांना रक्त दिसलं, तर मात्र तपासून घ्यायला हवं.)

ताईला जाणवत होतं ते चक्र खरंच होतं. महिन्याचं वेळापत्रक मेंदूतली पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय मिळून ठरवतात. पीयूषिकेतून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं, अंडाशयातलं एक बीजपुटक वाढू लागतं आणि त्यातून इस्ट्रोजेन स्रवतं. मधल्या दिवसांत एलएच एकदम उसळतं आणि बीज बाहेर पडतं. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो, तो साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि मग सुकतो. छाती दुखणं, चिडचिड, पोट फुगणं बहुतेक या शेवटच्या दोन आठवड्यांत होतं. यात गर्भाशयाचं काम फक्त आदेश घेण्याचं असतं. सुटलेलं बीज शरीरात विरघळतं. ते तर गर्भाशय असतानाही बहुतेक महिन्यांत विरघळतच होतं.

इथे एक गंमत आहे. गायी-मेंढ्यांमध्ये पीतपिंडाला ‘आता बस’ हा निरोप गर्भाशयच पाठवतं. त्यांचं गर्भाशय काढलं तर पीतपिंड सुकत नाही आणि चक्र अडकून पडतं. बाईच्या शरीरात हा निरोप गर्भाशयाकडून यावा लागत नाही, म्हणून पाळीशिवायही तिचं चक्र फिरत राहतं.

मी ताईला कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या. छाती जड वाटली की फुली. तीन महिन्यांनी फुल्यांचे पुंजके साधारण २८ दिवसांच्या अंतरानं दिसू लागले. हा काही वैद्यकीय पुरावा नव्हे, पण तिची भीती गेली.

आता दुसरा प्रश्न. अंडाशयं ठेवली, तरी रजोनिवृत्ती लवकर येते का? सरासरीनं पाहिलं तर थोडी लवकर येते. न्यूझीलंडमध्ये पाच वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा फरक सुमारे ३.७ वर्षांचा निघाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या २०११च्या अभ्यासात तो दोन वर्षांपेक्षा थोडा कमी होता. तिथं चार वर्षांत ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या सुमारे १५ जणींची अंडाशयं थकली, तर ऑपरेशन न झालेल्या शंभरातल्या ८ जणींची. एक अंडाशय काढलेल्यांत धोका आणखी वाढलेला होता. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या ८५ जणींना या चार वर्षांत काहीही झालं नाही.

असं का होतं? अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक धमनी थेट महाधमनीतून येते, दुसरी गर्भाशयाच्या धमनीची शाखा. गर्भाशय काढताना ही दुसरी वाट बांधून कापावीच लागते. पुरवठा घटल्यामुळे बीजांचा साठा लवकर संपत असावा, हा एक तर्क. दुसरा असा, की ज्या आजारासाठी ऑपरेशन करावं लागलं, त्याचाच अंडाशयांशी संबंध असावा. माझ्या मते दोन्ही कारणं थोडी थोडी असावीत. वाद अजून मिटलेला नाही.

खरी अडचण ओळखण्याची आहे. एरवी बाराएक महिने पाळी आली नाही की पाळी गेली, असं म्हणतात. इथं ही खूणच नाही. ताई ४३ची झाली तेव्हा भर जानेवारीत रात्री घामानं पांघरूण भिजू लागलं, झोप तुटू लागली, आणि कॅलेंडरवरच्या फुल्याही थांबल्या. तिचं वय पंचेचाळिशीच्या आत असल्यानं डॉक्टरांनी एफएसएच तपासलं. पहिल्यांदा आकडा १८ आला, म्हणजे धड इकडे ना तिकडे. एकाच तपासणीवर निकाल देता येत नाही, कारण या वयात हा आकडा खाली-वर होतो, आणि बीज सुटण्याच्या दिवसांतही तो थोडा वाढतो. सहा आठवड्यांनी तो ६१ आला आणि इस्ट्रोजेन खाली गेलेलं होतं. मग निदान झालं. पंचेचाळिशीनंतर मात्र बहुतेकदा लक्षणंच पुरेशी असतात, रक्ततपासणी लागत नाही.

निदान महत्त्वाचं का? पंचेचाळिशीच्या आत इस्ट्रोजेन संपलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असं काही आड येत नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा सल्ला दिला जातो. गर्भाशय नसलेल्या बाईला त्यासोबत प्रोजेस्टेरॉनची बहुधा गरज नसते, कारण ते अस्तराच्या रक्षणासाठी असतं. एंडोमेट्रिओसिस झालेल्यांचं गणित वेगळं. ताई जेल लावते, आणि आता झोप लागते.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईच्या अंडाशयांचं काय झालं, हे तिला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही.

म्हणून तुमचं किंवा आईचं, जावेचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद शोधा. ‘सॅल्पिंजेक्टमी’ लिहिलं असेल तर फक्त गर्भनलिका काढल्यात. ‘ऊफोरेक्टमी’ हा शब्द दिसला तर अंडाशय काढलंय, आणि त्याआधी ‘बायलॅटरल’ असेल तर दोन्ही. ‘टीएएच-बीएसओ’ म्हणजेही तेच, गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं आणि नलिका. कागद हरवला असेल तर रुग्णालयाकडे नोंद मागा. सोनोग्राफीतही अंडाशयं दिसतात, पण उतारवयात ती आकसलेली असल्यानं असूनही कधी कधी सापडत नाहीत.