जेवणानंतरच्या व्याख्यानाची पहिली वाक्ये

दुपारी दोनचे व्याख्यान वाट्याला आले, तर आभार आणि प्रास्ताविक मागे ठेवा. त्या सुमारास शरीराची लय मुळातच मंदावते. पंगतीतली जिलेबी त्यात भर घालते एवढेच. तेव्हा श्रोत्याला काहीतरी करायला लावणारे वाक्य हवे.

समजा, विषय आहे मराठीतले पोर्तुगीज शब्द. उभे राहताच विचारा, "आज बटाट्याची भाजी कोणी कोणी खाल्ली? हात वर करा." हात वर जाईपर्यंत थांबा. ते तीन-चार सेकंद फार लांब वाटतात, पण तुम्हीच उत्तर देऊन टाकलेत की सभागृह पुन्हा मागे टेकते. मग म्हणा, "आता खिशातली, पर्समधली चावी काढून दाखवा." खणखणाटाने शेजारचाही जागा होतो. (कोणी तिला किल्ली म्हणेल, ते भांडणही उपयोगीच.) लगेच सांगा, "हातातली चावी आणि पोटातला बटाटा, दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आले." विषय सुरू झालासुद्धा.

हात चार-पाचच वर गेले, तर "सकाळी पाव कोणी खाल्ला?" हा प्रश्न राखून ठेवा, तो शब्दही त्याच गलबतातला. "झोप येतेय ना?" हा विनोद मात्र टाळा, त्याने जांभईच आठवते.