मंजुरीनंतरच पगार

‘जिरा’ या प्रकल्प हाताळणीच्या सॉफ्टवेअरला ‘टेम्पो’ची टाइमशीट जोडता येते. तासांवर मोबदला घेणारे कर्मचारी तिच्यात रोजचे काम भरतात. आठवडा संपला की ती व्यवस्थापकाकडे मंजुरीसाठी जाते. भरणे चालू असेपर्यंत तिची स्थिती `OPEN`, व्यवस्थापकाकडे असताना `IN_REVIEW` आणि मंजूर झाल्यावर `APPROVED` असते. पेरोलकडे जायचे ते फक्त मंजूर तास.

हा नियम सोपा वाटतो, पण मंजुरी एकेका नोंदीला मिळत नाही, आठवड्याच्या अख्ख्या टाइमशीटला मिळते; आणि महिना काही रविवारी संपत नाही. ३० जून २०२५ हा सोमवार होता. त्या दिवसाचे तास ६ जुलैपर्यंतच्या आठवड्यात मोडतात, म्हणून जूनचा पगार काढताना ते मंजूर असण्याची शक्यता कमीच. पगाराचा हिशोब पूर्ण आठवड्यांचा ठेवणे हा यावरचा सरळ उपाय: जूनसाठी २ ते २९ तारखेचे चार आठवडे.

समजा, ताशी ५०० रुपये घेणाऱ्या एका अभियंत्याने या चारही आठवड्यांत ४०-४० तास भरले. हस्तांतराच्या दिवशी तीन आठवडे मंजूर आहेत, १६ ते २२ जूनचा मात्र अजून व्यवस्थापकाकडे अडकलेला. अशा वेळी १२० तास, म्हणजे ६०,००० रुपये पेरोलला जातात. उरलेले ४० तास वगळायचे नाहीत, ‘प्रलंबित’ म्हणून वेगळे नोंदवायचे. पुढच्या महिन्याची विचारणा फक्त जुलैच्या तारखांपुरती केली, तर उशिरा मंजूर झालेला हा आठवडा कायमचा निसटतो, आणि अभियंत्याने तक्रार करेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

याहून चोरटी चूक उलट दिशेने होते. पैसे दिल्यावर व्यवस्थापक ९ ते १५ जूनची टाइमशीट पुन्हा उघडतो, दोनदा भरलेली चार तासांची नोंद काढतो आणि पुन्हा मंजुरी देतो. केवळ बदललेल्या नोंदी मागवणाऱ्या कार्यक्रमाला हे दिसेलच असे नाही, कारण पुसलेली नोंद त्या यादीत नसते. म्हणून दिलेल्या आठवड्यांची पूर्ण बेरीज पुन्हा वाचावी लागते. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी नोंदींचे क्रमांक आणि तास जपून ठेवले असतील, तर फरक लगेच सापडतो: दिले ४०, मंजूर ३६. जूनचा बंद झालेला पगार उघडायचा नाही. जुलैच्या तासांत प्रलंबित ४० मिळवायचे आणि ४ वजा करायचे. निव्वळ भर ३६ तासांची, १८,००० रुपयांची. या दोन्ही ओळी पगारपत्रकावर आपापल्या आठवड्याच्या तारखांसह स्वतंत्र दाखवाव्यात, म्हणजे कर्मचाऱ्याला आपला हिशोब स्वतः ताडून पाहता येतो.